गुणपत्रक एक, टक्केवाऱ्या चार

स्क्रुटिनीच्या टेबलावरच्या बाईंनी भाच्याचा प्रवेशाचा फॉर्म परत पाठवला आणि कारण लिहिलं, ‘टक्केवारी जुळत नाही’. आम्ही भरली होती ६९.०९. त्यांच्या एक्सेलमध्ये येत होती ७१.६७. म्हणजे आम्ही जास्त सांगून पकडलो गेलो असं नाही, कमी सांगितली म्हणून अडलो! फॉर्म भरणं, फी भरणं, जातीचा दाखला चढवणं हे सगळं एका बैठकीत झालं होतं. अडलं ते या अडीच टक्क्यांवर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी गुणपत्रक बघा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरचं, क्रेडिटवालं. प्रत्येक विषय वेगळ्या गुणांचा, प्रत्येकाचे क्रेडिट वेगळे.

| विषय | कमाल गुण | मिळालेले | क्रेडिट |
|---|---|---|---|
| थिअरी १ | १०० | ५२ | ३ |
| थिअरी २ | १०० | ५७ | ३ |
| थिअरी ३ | १०० | ६१ | ३ |
| लॅब १ | ५० | ४६ | १ |
| लॅब २ | ५० | ४४ | १ |
| प्रोजेक्ट | १५० | १२० | ६ |

इथे हे स्वच्छ दिसतंय, पण माझ्या हातात होता फक्त फोटो. मूळ प्रत गावी दाजींच्या कपाटात, आणि त्यांनी ट्यूबलाइटखाली फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलेला. लॅमिनेशनवर उजेडाचा पट्टा, मधोमध घडी, आणि घडी नेमकी थिअरी ३ च्या ओळीवरून गेलेली. तिथले गुण ८१ दिसत होते. भाचा खूश. मी सगळे गुण मिळवले तर बेरीज ४००, आणि खाली छापलेली बेरीज ३८०.

अशा वेळी डोळे ताणण्यात अर्थ नसतो, फरकाकडे बघायचं. फरक नेमका २० असेल तर कुठेतरी दशकाच्या जागी दोनाची गडबड आहे, आणि धूसर फोटोत ६ चा ८ होणं नेहमीचंच. त्या गुणपत्रकात दशकाच्या जागी ८ दिसणारा आकडा तो एकच होता, म्हणून ते ६१. फरक ९, १८, २७ असा नवाच्या पटीत आला तर टाइप करताना आकडे उलटे पडलेत का ते आधी तपासा, ५७ चे ७५ केले की फरक १८ येतो. शिवाय एकूण गुण अक्षरीही छापलेले असतात. आकडा पुसट असला तरी अक्षरांतला ‘थ्री हंड्रेड एटी’ सहसा वाचता येतो. भाच्याचे वीस गुण गेले, पण बेरीज जुळली.

फोटोतली दुसरी अडचण लॅबची. लॅब १ पुढे टर्मवर्क २३, ओरल २३ आणि शेवटच्या रकान्यात ४६ असे तिन्ही आकडे होते. तिन्ही धरले तर पन्नासपैकी ब्याण्णव. कुठल्याही ओळीत मिळालेले गुण कमाल गुणांपेक्षा जास्त दिसले की रकाना चुकलाय हे समजायचं. किमान गुणांचा रकानाही फोटोत शेजारीच येतो आणि तिरक्या फोटोत ओळ एका घराने सरकते. म्हणून कमाल गुणांचीही बेरीज करून बघावी. ती ५५० आली, छापलेलंही ५५० होतं.

मग ३८० भागिले ५५०, गुणिले १००. आले ६९.०९०९, म्हणून भरले ६९.०९. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

आता बाईंचं एक्सेल. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक विषयाची टक्केवारी काढायचा रकाना होता, ५२, ५७, ६१, ९२, ८८, ८०, आणि तळाशी त्या सहा आकड्यांची सरासरी. ४३० भागिले ६, म्हणजे ७१.६७. मी म्हटलं, “मॅडम, पन्नास गुणांची लॅब आणि दीडशेचं प्रोजेक्ट तुम्ही सारखंच धरताय.” त्या म्हणाल्या, “सर, सगळ्यांचं असंच काढतो आम्ही. शीट वरून आलंय.” वरून म्हणजे कुठून, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नाही.

घरी वेगळीच पंचाईत. संस्थेची फीसवलत ७० टक्क्यांच्या वर गुण असणाऱ्यांनाच होती. दाजींचा फोन, “अरे, ते स्वतःहून देतायत ७१, तर घे की! आपण कुठे खोटं बोललो?” अहो दाजी, आज शीट बोलतंय, उद्या मूळ कागद बघणारा माणूस बोलेल. कागदावर ३८०/५५० छापलंय आणि फॉर्मवर ७१.६७, यातलं कोणतं खोटं ठरवतील? अर्जाखालच्या हमीपत्रावर सही भाच्याची आहे, बाईंची नाही. ताईला हे लगेच पटलं, दाजींना पटायला जेवणाची वेळ झाली.

दरम्यान रांगेतल्या एका मुलाने तिसरा आकडा दिला. तो म्हणाला, क्रेडिट दिलेत म्हणजे क्रेडिटनेच वजन द्यायला हवं. प्रत्येक विषयाची टक्केवारी गुणिले क्रेडिट, त्याची बेरीज ११७०, भागिले एकूण क्रेडिट १७. उत्तर ६८.८२. त्याचं गणित चोख होतं. मोबाइलवरच्या एका कॅल्क्युलेटरने चौथा आकडा दिला, ६९.४७. त्याने टक्केवारीऐवजी थेट गुणांना क्रेडिटने गुणलं होतं आणि खालीही कमाल गुण गुणिले क्रेडिट घेतले होते, १३२० भागिले १९००. यात प्रोजेक्टला दीडशे गुणांचं वजन मिळतं आणि वर सहा क्रेडिटचंही, म्हणजे एकाच गोष्टीचं वजन दोनदा. हा आकडा कुणी दिला तर घेऊ नका.

हे आकडे वेगळे का येतात ते दोन लॅबवरून चटकन कळतं, कारण भाच्याचे सगळ्यात चांगले गुण तिथेच आहेत. गुणांच्या बेरजेत लॅबचा वाटा ५५० पैकी १००, म्हणजे साधारण १८ टक्के. बाईंच्या सरासरीत सहापैकी दोन विषय, म्हणजे थेट ३३ टक्के. क्रेडिटने बघितलं तर १७ पैकी २, जेमतेम १२ टक्के. लॅबचा वाटा वाढला की आकडा चढतो, घटला की उतरतो. गुणांची साधी बेरीज करतो तेव्हा आपण वजन देत नाही असं वाटतं, पण देतो, प्रत्येक विषयाला त्याच्या कमाल गुणांएवढं. क्रेडिट जर कमाल गुणांच्याच प्रमाणात असते, म्हणजे १०० ला ४, ५० ला २, १५० ला ६, तर बेरीज आणि क्रेडिट दोन्ही रीतींनी आकडा एकच आला असता. इथे १०० ला ३ आणि ५० ला १, म्हणून फाटा फुटला.

म्हणजे ६९.०९ की ६८.८२ हा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हताच. तो नियमाने सुटतो, आणि नियम कुठे होता? गुणपत्रकाच्या मागच्या बाजूला! दाजींनी फोटो फक्त पुढच्या बाजूचा पाठवलेला. मागची बाजू मागवली, तीही धुरकट आली. मग ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा असं सांगितलं, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक छपाई मरते. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, फोन बरोबर वर धरून काढलेला फोटो आला तेव्हा ओळ वाचता आली. क्रेडिट फक्त एसजीपीए काढण्यासाठी, टक्केवारी मात्र मिळालेले एकूण गुण भागिले एकूण कमाल गुण. तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो. मागे क्रेडिटची रीत दिली असेल तर तीच धरा, आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत स्वतंत्र सूत्र असेल तर त्या फॉर्मपुरतं ते वरचढ. पण विषयांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढा असं लिहिलेलं मी तरी या दोन्हीत कुठे पाहिलं नाही.

मी दोन्ही बाजूंची प्रिंट काढली, मागची ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवली आणि कोऱ्या कागदावर सहा ओळींचं गणित मांडून बाईंसमोर ठेवलं. त्यांच्याच शीटमध्ये ही सूत्रंही घालून दाखवली. C मध्ये कमाल गुण, D मध्ये मिळालेले, E मध्ये क्रेडिट:

```
=SUM(D2:D7)/SUM(C2:C7)*100
=SUMPRODUCT(D2:D7/C2:C7,E2:E7)/SUM(E2:E7)*100
```

पहिलं गुणांच्या बेरजेचं, दुसरं क्रेडिटचं. बाई वाईट नव्हत्या हो, त्यांनाही वरच्या साहेबांना विचारावं लागणार होतं. साहेब जेवायला गेलेले. ते आले, त्यांनी रंगवलेली ओळ वाचली, “मग बरोबरच आहे की यांचं,” म्हणाले आणि आत गेले. एवढंच. अख्खा दिवस गेला त्याबद्दल कुणी हूं का चूं केलं नाही. पण फॉर्म ६९.०९ वर मंजूर झाला, आणि खरं सांगतो, कमी टक्के मंजूर करून घेताना इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. फीसवलत अर्थातच गेली.

एक राहिलंच. त्याच फॉर्ममध्ये पुढे शेवटच्या वर्षाची एकत्रित टक्केवारीही मागितली होती. आधीच्या सेमिस्टरला ७०० पैकी ४३४ होते, म्हणजे बरोबर ६२ टक्के. ६२ आणि ६९.०९ ची सरासरी ६५.५५ येते, आणि गुणपत्रकामागच्या नियमाप्रमाणे ती चालत नाही, कारण एक सेमिस्टर ७०० चं आणि दुसरं ५५० चं. ४३४ अधिक ३८०, म्हणजे ८१४, भागिले १२५०. ६५.१२ भरा. आणि हे गणित केलेला कागद फोटोंसोबत जपून ठेवा, पुढच्या टेबलावर पुन्हा लागतो.