हाड जुळलं, हात राहिला होता

“हाड तर जुळलं होतं ना, मग इतके महिने त्या फिजिओच्या मॅडमकडे कशाला जात होतात?” असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते.

प्लास्टर निघालं त्या दिवशी एक्स-रेत हाड खरंच जुळलेलं होतं. हाताचं मात्र काही खरं नव्हतं. मोडलं होतं ते रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याकडचं हाड, मनगटाच्या जरा वर. पडताना माणूस हात टेकतो आणि नेमकं तिथेच मोडतं. सहा आठवडे मनगट एकाच जागी राहिलं की सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, आणि सूज उतरली नाही तर बोटं ओढणाऱ्या दोऱ्या आजूबाजूला चिकटतात. एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. माझी मूठ अर्धीच वळत होती, आणि तळहात उताणा करून तीर्थ घेणं तर दूरच.

मॅडमनी पहिल्या दिवशी माझ्या हातात एक पेन दिलं. कोपर बरगडीला टेकवून काटकोनात ठेवा, पेन मुठीत उभं धरा आणि आता हात उताणा करा, म्हणाल्या. मी केला आणि पेन बऱ्यापैकी आडवं झालं, म्हणून खूशही झाले. त्यांनी काही न बोलता कोपर आणि बरगडीच्या मध्ये एक घडी केलेला नॅपकिन ठेवला. पुन्हा करा. नॅपकिन खाली पडला! मनगटाजवळ वळत नव्हतं ते मी खांद्यातून वळवून घेत होते आणि मला पत्ताच नव्हता. नॅपकिन न पाडता केलं तेव्हा कोनमापकावर जेमतेम ३० अंश आले. वहीत त्यांनी तेच लिहिले, आधीचे नाहीत. त्यांचे आभार मानायचे तर मी सगळ्यात आधी त्या नॅपकिनचे मानीन. घरी आरशासमोर एकटीने व्यायाम केला असता तर खांदा तेवढा तयार झाला असता.

दुसरा व्यायाम नमस्काराचा. तळवे छातीपुढे जोडायचे आणि जोडलेलेच ठेवून हात हळूहळू खाली न्यायचे. कोपरं आपोआप बाजूला वर येतात. मनगट मागे वाकत नसेल तर तळव्यांची मुळं एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये फट पडते. माझ्या फटीतून समोरचं कॅलेंडर वाचता आलं असतं. मॅडम अधूनमधून माझ्याच मोबाइलवर फोटो काढायच्या, त्याच भिंतीपुढे, त्याच उंचीवरून. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, म्हणून. फोटो ओळीने लावले की फट मिटत गेलेली दिसते. पहिल्यात बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्याही नाहीत, सगळं सुजून गुळगुळीत. सुरकुत्या परत आल्या तेव्हा इतका आनंद झालेला बाईमाणूस जगात मी एकटीच असेन.

मध्येच आमच्या नात्यातल्या एका काकूंनी मालिशवाल्याचा नंबर आणून दिला. तो म्हणे एका बैठकीत ‘मोकळं’ करतो. मॅडम एरवी मवाळ, पण इथे ठाम होत्या. ताणताना थोडं दुखणार, ते चालेल. अर्ध्या तासात दुखणं बसलं तर व्यायाम बरोबर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं, तेव्हा एक पायरी मागे यायचं. बळजबरीने ओढलं की सांधा चिडतो आणि आणखी आखडतो. हात लालसर, चकचकीत झाला, घाम फुटू लागला, नुसतं कापड लागलं तरी आग होऊ लागली, तर व्यायामाची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं, हेही त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. माझ्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

आता हात ७५ अंशांपर्यंत उताणा होतो. वाण्याकडची सुट्टी नाणी तळहातावर राहतात, घरंगळत नाहीत. पोळ्या लाटता येतात, कणीक मात्र अजून सूनच मळते. तळहातावर भार देऊन दाबलं की मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला कळ येते. हाड जुळताना किंचित आखूड झालंय, त्यामुळे शेवटचे काही अंश बहुधा येणार नाहीत. मॅडमनी हे मला आडपडदा न ठेवता सांगितलं, आणि त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे.

जाता जाता त्यांनीच आठवण केली: पन्नाशीनंतर उभ्या उभ्या घसरून मनगट मोडलं, तर हाडांची घनता तपासून घ्यायला हवी. डेक्सा म्हणतात त्या तपासणीला, नुसतं पडून राहायचं असतं. मी पुढच्या आठवड्यात जातेय. तुम्हीही गेल्या वर्षी जिन्यात पडून हात मोडून घेतलात ना? चला माझ्याबरोबर, एकाच रिक्षाने जाऊ.