बादली, झरा आणि अडीचशे शब्द

जव्हार तालुक्यातल्या एका वाडीच्या झऱ्याचे पुनर्भरण करण्यासाठी आमच्या छोट्या संस्थेने मुंबईच्या एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीकडे अर्ज केला, त्याचा हा अनुभव आहे. अर्ज पूर्णपणे ऑनलाइन आणि इंग्रजीत होता. समस्येचे स्वरूप २५० शब्द, उपक्रम ३०० शब्द, अपेक्षित परिणाम, देखरेख आणि शाश्वतता प्रत्येकी १५० शब्द, अशी चौकट ठरलेली होती.

त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका निधीकडे केलेला आमचा अर्ज नामंजूर झाला होता. तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी फोनवर कारण स्पष्ट सांगितले होते : “तुमची एकच गोष्ट चार रकान्यांत आली आहे, आणि आम्ही विचारलेली कुठेच नाही.” ते खरे होते. आमच्याजवळ प्रकल्पाचे एकोणीसशे शब्दांचे सलग टिपण होते; त्याचेच तुकडे करून आम्ही जिथे जागा दिसेल तिथे घातले होते. पाण्यासाठीची पायपीट समस्येत होती, उद्दिष्टांत होती, परिणामांत उलट्या शब्दांत होती आणि शाश्वततेच्या सुरुवातीला प्रस्तावना म्हणून पुन्हा होती.

या वेळी टिपण बाजूला ठेवले आणि प्रत्येक मथळ्याखाली तो मथळा नेमका कोणता प्रश्न विचारतो, ते एका ओळीत मराठीत लिहिले. समस्या म्हणजे आज काय कमी आहे आणि किती. उपक्रम म्हणजे आम्ही कोणते काम, कुठे आणि कोणत्या महिन्यात करणार. परिणाम म्हणजे त्या कामामुळे वाडीतल्या लोकांसाठी काय बदलणार. देखरेख म्हणजे तो बदल झाला हे कोण, कधी आणि कशाने मोजणार. शाश्वतता म्हणजे पैसे संपल्यावर काम कोणाच्या हातात राहणार. हे लिहिताच आमची जुनी चूक दिसली. ‘सलग समतल चर खोदणे’ हे वाक्य आम्ही परिणामांत घातले होते. पण उतारावर पावसाचे पाणी जिरवणारे हे चर आमचे काम आहे, लोकांच्या जगण्यातला बदल नव्हे. आमच्या क्षेत्रात ही गफलत फार होते, आणि तिच्यामुळे परिणामांचे दीडशे शब्द कामाच्या यादीतच संपतात.

पण खरी अडचण दुसरी होती. वेगवेगळे परीक्षक वेगवेगळे रकाने तपासतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र गुण देतात, असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्यामुळे ‘वर नमूद केल्याप्रमाणे’ असे लिहून चालणार नव्हते, आणि सगळे पुन्हा सांगितले तर शब्द पुरणार नव्हते. यातून वाट काढायला आम्हाला एका बादलीची मदत झाली. मे महिन्यात आमच्या कार्यकर्तीने झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरून घड्याळ लावले होते. बादली भरायला पाच मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला दोन लिटर, दिवसरात्र एक थेंबही वाया न घालवता भरले तर २,८८० लिटर. वाडीत ६४ घरे आहेत, म्हणजे घरटी ४५ लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, आणि इथे अख्ख्या घराला त्याहून कमी पाणी मिळते. तेही रात्रभर कोणी ना कोणी झऱ्यावर बसून राहिले तरच.

मग आम्ही ठरवले की सगळ्या रकान्यांना जोडणारी गोष्ट म्हणून फक्त ही बादली न्यायची, आणि प्रत्येक ठिकाणी तिचे वेगळे अंग सांगायचे. समस्येत : मे महिन्यात बादलीला पाच मिनिटे. परिणामांत : दोन पावसाळ्यांनंतर त्याच महिन्यात तीन मिनिटे किंवा कमी, म्हणजे घरटी सुमारे ७५ लिटर. देखरेखीत : जानेवारी ते जून दर पंधरा दिवसांनी, सकाळी ठरलेल्या वेळी, त्याच बादलीने वाडीतल्या दोन मुली मोजणार आणि वहीत लिहिणार. आधीचे माप आणि नंतरचे माप एकाच एककात असल्यामुळे कुठलाही रकाना एकटा वाचला तरी समजतो, आणि दोन ओळींपेक्षा जास्त पुनरुक्ती कुठेच होत नाही.

शब्द कमी करतानाही बादलीचाच उपयोग झाला. जुन्या टिपणातले पहिले वाक्य असे होते : “सदर परिसरामध्ये पावसाळ्यात मोठ्या प्रमाणावर पाऊस पडत असला तरीही उन्हाळ्याच्या दिवसांमध्ये महिलांना पिण्याच्या पाण्यासाठी दूर अंतरावर पायपीट करावी लागते.” एकोणीस शब्द, आणि सह्याद्रीतल्या कोणत्याही वाडीला लागू पडणारे. त्याऐवजी लिहिले : “मे महिन्यात दहा लिटरची बादली भरायला झऱ्यावर पाच मिनिटे लागतात, ६४ घरांचा हा एकमेव झरा.” हे पंधरा शब्द फक्त या वाडीचे आहेत. ‘सदर’, ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘या अनुषंगाने’ अशा शब्दांवर मी आधी पेन्सिलीने खुणा केल्या. ते सगळे काढल्यावर एका रकान्यातून साधारण चाळीस शब्द मोकळे झाले आणि माहिती एकही गेली नाही.

मराठीत विचार करून इंग्रजीत अर्ज भरणाऱ्यांना एक गोष्ट आधीच माहीत असायला हवी. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, म्हणून ‘वाडीतल्या महिलांसाठी’ हे दोनच शब्द होतात. इंग्रजीत त्याचे सहा होतात. मी मराठीत नेमके २५० शब्द बसवून समाधानाने भाषांतराला दिले, ते साडेतीनशेच्या वर जाऊन परत आले. मग घाईने इंग्रजीत काटछाट केली, तेव्हा नेमके आकडेच गेले, कारण ते कापायला सोपे असतात. दुसऱ्या फेरीत मराठी मसुद्याचीच मर्यादा १७० शब्द ठेवली, आणि भाषांतर जवळजवळ जसेच्या तसे बसले.

संकेतस्थळावर मजकूर चिकटवताना आणखी एक घोटाळा झाला. आमच्या संगणकावर २४८ शब्द दिसत होते, पण जोडरेघेने जोडलेले शब्द तिथे वेगळे मोजले जात होते, आणि मर्यादा ओलांडल्याची कोणतीही सूचना न देता शेवट कापला गेला. हे मला जतन केलेला अर्ज पुन्हा उघडून प्रत्येक रकान्याचे शेवटचे वाक्य वाचले तेव्हाच कळले. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आठदहा शब्दांची जागा रिकामी सोडली.

शाश्वततेचे उत्तर ११० शब्दांतच संपले : चर दर वर्षी मे महिन्यात श्रमदानाने साफ होतील, घरटी महिना दहा रुपये वाडीच्या पाणी समितीकडे जमा होतील, आणि वही शाळेत राहील. उरलेले चाळीस शब्द भरावेत असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते. मी ते भरले नाहीत, कारण त्यापुढे आमच्याजवळ लिहिण्यासारखे ठरलेले काहीच नव्हते.

तीन आठवड्यांनी निधीकडून एकच शंका आली, आणि ती काटछाटीतूनच निघाली होती. उपक्रमांचे शब्द कमी करताना दगडी बांधांसाठी खालच्या ओढ्यातून दगड वर आणण्याचे वाक्य मी काढले होते. अंदाजपत्रकात मात्र दगड वाहतुकीची रक्कम तशीच राहिली होती. कशाची वाहतूक, असे त्यांनी विचारले. चरांची दिशा समजावणारे एक वाक्य आखूड करून दगडांचे वाक्य परत घातले, अंदाजपत्रकाची प्रत्येक ओळ उपक्रमांतल्या एकेका वाक्याशी बोट ठेवून ताडून पाहिली, आणि २९१ शब्दांचा रकाना त्याच संध्याकाळी परत पाठवला.