बटण बंद होते, तरी टेस्टर पेटला

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी, ऐन एप्रिलमध्ये, मी जुळे सोलापुरातल्या खोलीवर ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय जोडायला घेतला. पंख्याच्या वाऱ्याने सोल्डरचा जोड लवकर थंड होतो असे वाटून मी पंखा बंद केला, आणि जोड नीट दिसावा म्हणून खाली वाकलो, तेव्हा सगळा धूर नाकातोंडात गेला. तो सोल्डरमधल्या शिशाचा असेल अशी माझी समजूत होती. पण सोल्डरिंग आयर्नचे टोक ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि तेवढ्या उष्णतेने शिशाची वाफ होत नाही. धूर असतो जोड नीट बसावा म्हणून सोल्डरसोबत वापरल्या जाणाऱ्या फ्लक्समधल्या राळेचा, आणि तो वारंवार छातीत गेल्यास दमा जडू शकतो. शिसे राहते ते बोटांवर, म्हणून खाण्याआधी साबणाने हात धुवावे लागतात. पुढे मी छोटा टेबलफॅन बाजूला असा ठेवला, की धूर चेहऱ्यासमोरून खिडकीकडे जाईल आणि वारा थेट जोडावर येणार नाही.

स्टँड घेतलेला नव्हता. टेबलावरून घरंगळणारे आयर्न मी नकळत झेलले आणि तीन बोटे भाजली. नळाखाली हात धरला, तर गच्चीवरच्या टाकीतले पाणीच गरम! शेवटी माठातले पाणी पातेल्यात घेऊन वीस मिनिटे हात बुडवून ठेवला. (टेबलावरच्या सोलापुरी चादरीला पडलेले भोक आईने अजून विसरलेले नाही.)

खरी भीती मात्र दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कळली. सर्किट चालत नव्हते, म्हणून मी बटण बंद करून ट्रान्सफॉर्मरच्या तारांना हात लावणार, इतक्यात तिथल्या मामांनी हात अडवला आणि टेस्टर लावला. प्रायमरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या ज्या वेटोळ्याला घरची वीज जोडतात त्याच्या, दोन्ही टोकांवर तो पेटला. मी दोन पिनांचा प्लग वापरला होता आणि बटण एकाच तारेत बसवले होते. प्लग उलटा बसल्याने ती तार न्यूट्रलची झाली होती. त्यामुळे बटण बंद असतानाही फेज दुसऱ्या तारेने प्रायमरीत शिरून, वेटोळ्यातून थेट बटणापर्यंत पोचत होता. प्रवाह वाहत नसल्याने सर्किट मेलेले दिसत होते, पण जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने हात लावला असता तर त्या २३० व्होल्टना त्याच्या शरीरातून वाट मिळाली असती.

“बटणावर भरवसा ठेवू नकोस बाळा, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेव,” मामा म्हणाले. त्याच दिवशी मी तीन पिनांचा प्लग लावला, अर्थिंगची तार धातूच्या पेटीला जोडली, फेजमध्ये फ्यूज घातला, दोन्ही तारा एकदम तोडणारे बटण बसवले आणि प्रायमरीच्या उघड्या जोडांवर स्लीव्ह चढवली. टेस्टर मात्र पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे मानता येत नाही, कारण तो स्वतःच बिघडलेला असू शकतो. मामा तो आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहत. आता पेटी उघडण्यापूर्वी प्लग माझ्या वहीवर ठेवलेला असतो.