आधी हवा, मग गॅस: क्रॉस-लिमिटिंग बसवतानाचा माझा अनुभव

भट्टीच्या एका झोनचा बर्नर माझ्याकडे आला तेव्हा तक्रार एकच होती. थंड माल आत गेला की दोन-तीन सेकंदांनी ज्योत पिवळी आणि लांब व्हायची आणि थोड्या वेळाने धुराच्या नळीत आग दिसायची. स्थिर लोडवर मात्र सगळं ठीक. नैसर्गिक वायू पूर्ण जळायला दर घनमीटरला साधारण ९.६ घनमीटर हवा लागते. आम्ही ११ देत होतो, म्हणजे १५ टक्के जास्त. धुरातला ऑक्सिजन त्या हिशोबाने ३ टक्के यायला हवा, आणि तो तसाच येत होता.

एक सेकंदाचा ट्रेंड लावला तेव्हा कारण कळलं. तापमानाच्या कंट्रोलरची मागणी गॅस आणि हवा या दोन्ही लूपना एकाच वेळी सेटपॉइंट म्हणून जात होती. गॅसचा व्हॉल्व्ह एक-दोन सेकंदांत जागेवर पोचायचा. हवेचा डॅम्पर मात्र ४० वरून ७० टक्क्यांवर जायला बारा सेकंद घ्यायचा. तिसऱ्या सेकंदाला गॅस ७०, हवा जेमतेम ४७. ४७ भागिले ७०, गुणिले १.१५, म्हणजे ०.७७. हवा गरजेच्या पाऊणपट, ऑक्सिजन शून्य. न जळलेला गॅस नळीत जायचा आणि मागून आलेली हवा त्याला तिथे गाठायची. नळीतली आग ती हीच.

उपाय पुस्तकी आहे: क्रॉस-लिमिटिंग, म्हणजे गॅस आणि हवेने एकमेकांना मर्यादा घालायची. दोन्ही प्रवाह एकाच मापात आणायचे, म्हणजे १०० टक्के गॅसला १५ टक्के जादा धरून लागणारी हवा ती १०० टक्के हवा. मग, sp म्हणजे सेटपॉइंट आणि pv म्हणजे मोजलेला प्रवाह धरून:

```
fuel_sp = min(demand, air_pv)
air_sp  = max(demand, fuel_pv)
```

मागणी वाढली की हवेचा सेटपॉइंट लगेच वर जातो, पण गॅसला तेवढंच मिळतं जेवढी हवा प्रत्यक्ष आलेली आहे. मागणी घटली की गॅस आधी उतरतो, आणि गॅस खरोखर कमी झाल्याशिवाय हवा उतरत नाही.

दोन ओळी, तरी पहिल्या दिवशी मी चुकलोच. `air_pv` च्या जागी हवेचा सेटपॉइंट जोडला होता. मागणी ४० वरून ७० केली, ऑक्सिजन पुन्हा शून्य! हवेचा सेटपॉइंट त्याच क्षणी ७० होतो, त्यामुळे गॅसला कसलीच अडवणूक होत नाही. स्क्रीनवर ब्लॉक दिमाखात दिसतात आणि काम काहीच करत नाहीत. आमचे वरिष्ठ म्हणाले, "अरे, हवा मागितली म्हणजे आली असं असतं का?" डॅम्परच्या पोझिशनचा सिग्नलही इथे चालत नाही. लिंकेज सुटलं तरी तो छान ७० दाखवत राहतो. मोजलेला प्रवाहच लागतो.

जोडणी सुधारली. चढत्या लोडवर ऑक्सिजन खाली जाण्याऐवजी थोडा वर जाऊन ३ वर स्थिरावू लागला. पण आता गॅसचा व्हॉल्व्ह सतत थरथरू लागला. हवेचं मोजमाप ऑरिफिसवर होतं आणि त्यात दोन टक्क्यांपर्यंत गोंगाट होता. `min` ला फक्त खालची टोकं दिसतात. हवा क्षणभर कमी दिसली की गॅस कापला जायचा, जास्त दिसली तरी गॅस मागणीच्या वर जायचा नाही. त्यामुळे सरासरीत गॅस नेहमी मागणीपेक्षा थोडा कमीच.

मी सोपा मार्ग घेतला आणि हवेच्या सिग्नलवर आठ सेकंदांचा फिल्टर टाकला. थरथर थांबली. लोड वाढवून पाहिलं, तेही झकास. कारण उघड आहे: हवा वाढत असताना फिल्टर ती कमी दाखवतो, म्हणून गॅस आणखी उशिरा येतो. चूक सुरक्षित बाजूला पडते. हवा अचानक कमी झाली तर काय, हे मी पाहिलंच नव्हतं.

वरिष्ठांनी ते करायला लावलं. मागणी मॅन्युअलमध्ये ६० वर धरली आणि डॅम्पर हाताने इतका मिटला की हवा सहा सेकंदांत ४५ वर आली. खरी हवा ४५ असताना फिल्टर ५५-५६ दाखवत होता आणि गॅस इमानदारीने त्या आकड्यामागे चालला होता. पुन्हा ऑक्सिजन शून्य. ज्या प्रसंगासाठी हे सगळं बसवायचं, त्याच प्रसंगात माझा फिल्टर आंधळा होता.

मग फिल्टर अर्ध्या सेकंदावर आणला आणि थरथरीसाठी तुलनेतच थोडी सूट दिली. आधी सरळ ३ टक्के मिळवणार होतो, पण २५ टक्के लोडचा हिशोब केला आणि थांबलो. तिथे हवा २५ असताना गॅस २८ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे १२ टक्के जास्त. १५ टक्के जादा हवेतली ३ टक्केच उरतात. म्हणून सूट प्रवाहाच्या प्रमाणात ठेवली:

```
fuel_sp = min(demand, 1.03 * air_pv)
air_sp  = max(demand, 0.97 * fuel_pv)
```

सूट पूर्ण वापरली गेली तर जादा हवा १५ वरून साधारण १२ टक्क्यांवर येते, आणि कुठल्याही लोडवर तेवढीच. डॅम्परची चाचणी पुन्हा केली. ऑक्सिजन १ टक्क्याच्या आसपास उतरला, पण शून्याला टेकला नाही. हवा याहूनही वेगाने गेली, समजा ब्लोअरच बंद पडला, तर ते काम या लूपचं नाही. त्यासाठी कमी हवेचा ट्रिप आणि ज्वाला-निरीक्षक वेगळ्या वायरिंगवर आहेत. त्यांना मी हात लावला नाही. अगदी खालच्या लोडवरही या गणितावर भिस्त ठेवली नाही. ऑरिफिसचा दाबफरक प्रवाहाच्या वर्गाने घटतो, २० टक्के प्रवाहाला तो जेमतेम ४ टक्के उरतो आणि ट्रान्समीटरची बारीकशी चूकही तिथे मोठी होते. म्हणून किमान आग २५ टक्क्यांवर बांधली.

दुसरी ओळ लोक अनेकदा वगळतात, कारण लोड उतरताना गॅस तसाही आधी बंद होतो. ती तपासायला गॅसचा व्हॉल्व्ह मॅन्युअलमध्ये ६० वर अडकवला आणि मागणी ३५ केली. हवा ५८ वर थांबली. ती ओळ नसती तर हवा मागणीबरोबर ३५ वर गेली असती आणि गॅस ६० वरच राहिला असता.

आठवड्याभराने ऑपरेटर म्हणाले, "साहेब, भट्टी आळशी झाली, आणि तापमान वर उडी मारतं." दोन्ही खरं होतं. गॅस हवेसाठी थांबलेला असताना तापमानाचा कंट्रोलर मात्र तापमानातल्या फरकाची बेरीज, म्हणजे इंटिग्रल, जमवत बसायचा. हवा आली की तो साठा ओतला जायचा. त्याला आता रिसेट फीडबॅक म्हणून प्रत्यक्ष गॅस प्रवाह दिला आहे. गॅस अडला की इंटिग्रलही थांबतं, आणि उडी गेली. आळस मात्र डॅम्परचा होता. लिंकेजमधला खेळ काढून अॅक्च्युएटर बदलल्यावर बाराचे सात सेकंद झाले.