अहो, आता कॉल येणार नाही

३१ मे २०२५, शनिवार, रात्री

अहो, आज तुमच्या रिटायरमेंटला रेल्वे ड्रायव्हरांच्या लॉबीत सगळे तुमच्याबद्दल भरभरून बोलले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकदाही लाल सिग्नल ओलांडला नाही, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. इंजिनाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, तुमच्या असिस्टंट मुलांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं. मग माइक माझ्या हातात आला आणि मी नुसतं ‘सगळ्यांचे आभार’ म्हणून खाली बसले. मला जे म्हणायचं होतं ते चार माणसांत बोलता येण्यासारखं नव्हतं. म्हणून ते इथे लिहिते. उद्या चहाबरोबर वाचा.

मला तुमचे आभार मानायचेत ते झोपेबद्दल.

लग्न होऊन इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा तुम्ही मालगाडीवर असिस्टंट होता. मालगाडीला वेळापत्रक नसतं हे मला माहीतच नव्हतं. रात्री दीडला कडी वाजली आणि दारात ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय, हातात कॉलबुक आणि टॉर्च. तुम्ही डोळे चोळत सही केली आणि म्हणालात, ‘दोन तास आहेत.’ त्या दोन तासांत अंघोळ, डबा, पेटी भरणं आणि लॉबीत जाऊन ड्यूटीवर आल्याची सही, साइन ऑन. मी कणीक भिजवायला घेतली आणि तेव्हाच समजलं की या घरात दिवस आणि रात्र ठरवणार ते कॉलबुक. पुढे मोबाइलवर मेसेज यायला लागले, कॉलबॉय गेला. पण पोटात धस्स व्हायचं ते तसंच राहिलं.

बाहेरच्यांना वाटतं ड्रायव्हर घरी आला की सोळा तास निवांत. ते सोळा तास प्रत्यक्षात कसे जातात ते आपल्या दोघांनाच ठाऊक. भुसावळहून गाडी घेऊन तुम्ही सकाळी नऊला साइन ऑफ केलं, म्हणजे रात्री एकला पुन्हा गाडीवर चढायची तयारी हवी, म्हणजे अकराला कॉल. अंगाला तेल-ग्रीसचा वास, रात्रभर जागलेले डोळे, पण घरी आल्या आल्या झोप लागत नाही. कानात इंजिन सुरूच असतं. अंघोळ करून, दोन घास खाऊन आडवे व्हायला अकरा-साडेअकरा. तीनला मुलं शाळेतून येणार. मग खरी उपयोगाची झोप कोणती, तर संध्याकाळी सात ते दहा, गाडीवर चढायच्या आधीची. आणि नेमकी तीच वेळ क्वार्टरमध्ये सगळ्यात गजबजाटाची. शेजारी टीव्ही, अंगणात पोरं, घरात मुलांचे पाढे आणि कुकरच्या शिट्ट्या.

आपण त्या तीन तासांची राखण केली. मी डाळ दुपारी भिजत घालून पातेल्यात शिजवायला लागले, कुकर संध्याकाळी बंद. मुलं पाठांतर सकाळी करायची आणि संध्याकाळी गणितं, कारण गणितं मुकाट्याने सोडवता येतात. खिडकीला जाड गोधडी टांगली. शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं, की आमच्या दारावर चप्पल उलटी ठेवलेली दिसली की हाक मारायची नाही. लेक चार वर्षांची असताना पाहुण्यांना ओठांवर बोट ठेवून आत घ्यायची. लोक हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तुमच्या मागे हजारो टन मालगाडी किंवा हजार-दीड हजार माणसं असायची, आणि पहाटे तीन ते पाचमध्ये डोळा कसा लागतो हे मी नर्स म्हणून वॉर्डात नाइटला पाहत होते.

घाटाबद्दल तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत ते मला अजून आठवतं. कसाऱ्याहून वर येताना मागून बँकर इंजिनं रेटतात, कारण चढ सदतिसाला एक आहे: सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला थोडं वाटतं, पण रेल्वेला ती भिंतच. मी म्हटलं, म्हणजे चढणं अवघड. तुम्ही म्हणालात, ‘चढताना फार तर गाडी उभी राहील. उतरताना ती आपल्या हातात राहिली पाहिजे.’ म्हणून इगतपुरीला प्रत्येक गाडी थांबते, ब्रेकची चाचणी होते, पार शेवटच्या डब्यापर्यंत दाब पोचतोय का ते बघतात. पाइपात पाच किलोचा दाब हवा. खाली घाटात कॅच साइडिंग. तिथे गाडी थांबवून दाखवायची, मगच पुढचा रस्ता मिळतो. नाही थांबली तर ती चढाच्या आडमार्गाला वळते आणि तिथे तिचा जोर संपतो. तुम्ही हे सांगताना ताटात पोळीचे तुकडे मांडून सांगत होता. त्या दिवसापासून पावसाळ्यात धुक्याने खिडकी पांढरी झाली आणि घाटातून हॉर्न ऐकू आला, की मी हातातलं काम थांबवून गाडी पुढे सरकल्याचा आवाज ऐकायची.

आणि ती एक रात्र. तुम्ही पॅसेंजरवर होता. सकाळी आलात, पेटी दारातच ठेवलीत, सरळ न्हाणीघरात गेलात आणि कितीतरी वेळ पाणी ओतत राहिलात. जेवला नाहीत. मी विचारलं नाही. माझ्याच दवाखान्यात रुळांवरची माणसं आणत, त्यामुळे तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं. दोन दिवसांनी तुम्ही आपणहून बोललात. वळण संपल्यावर हेडलाइटमध्ये माणूस दिसला. हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक टाकला, पण त्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर लागतो. ‘त्याने माझ्याकडे बघितलं,’ एवढंच तुम्ही म्हणालात. मग गार्डशी बोलणं, मेमो, पुढच्या स्टेशनवर स्टेशन मास्तरकडे नोंद, आणि त्यानंतर तीच गाडी तुम्हीच पुढे न्यायची, कारण आत बसलेल्यांना घरी पोचायचं असतं.

त्यानंतर कित्येक दिवस तुम्ही झोपेत पाय ताठ करायचात. मी तुमच्या पोटरीवर हात ठेवून बसायची. आज लॉबीत कुणी याचा उल्लेख केला नाही, आणि करूही नये. पण तुम्ही जे सोसून गाडी चालवत राहिलात ते मला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

आता माझ्या बाजूचं. मी सरकारी दवाखान्यात नर्स. महिन्यातून आठवडाभर नाइट ठरलेली. मी तुमची झोप सांभाळली याचं कौतुक आपल्या दोन्ही घरांत झालं. ‘बायकोने संसार केला’ असं सगळे म्हणतात. तुम्ही माझी सांभाळलीत ते कुणी पाहिलंच नाही. मी नाइट करून नऊला येऊन पडले आणि तुम्हाला रेस्ट असली, की तुम्ही बाहेरच्या पायरीवर पेपर घेऊन बसायचात. मीटरवाला, भाजीवाली, पोस्टमन, सगळे तिथूनच परत. सासूबाई गावाहून आल्या होत्या तेव्हा ‘सून अजून झोपलीय?’ म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, ‘आई, ती रात्री दोन बाळंतपणं करून आलीय. मी झोपतो तेव्हा तू आवाज करत नाहीस ना, मग?’ मी जागी होते. सगळं ऐकलं. तेव्हा बोलले नाही, ते आज बोलते.

आणि ओट्यावरची ती वही. कधी कधी चार-चार दिवस आपली भेट नसायची; मी यायचे तेव्हा तुम्ही परगावच्या रनिंग रूमला, तुम्ही यायचात तेव्हा मी वॉर्डात. तुमचं अक्षर म्हणजे इंजिनाच्या लॉगबुकसारखं, वेळ आधी आणि मजकूर नंतर. ‘१४.२० धाकट्याला ताप, क्रोसीन अर्धी दिली. १६.०० उतरला. वरण केलंय, मीठ तू बघ.’ अशा सगळ्या वह्या मी ठेवल्यात. मुलं वाढली ती त्या वह्यांमधून.

पंचेचाळिशीपर्यंत चार वर्षांनी मेडिकल, मग दोन वर्षांनी आणि पंचावन्नीनंतर दरवर्षी. ए-वन दर्जाची नजर हवी, नाहीतर गाडीवरून उतरवून दुसरीकडे बसवतात. साखर पहिल्यांदा वाढलेली निघाली तेव्हा तुम्ही घाबरला होतात, नोकरीसाठी नव्हे, गाडी सुटेल म्हणून. रनिंग रूमच्या जेवणाऐवजी ज्वारीच्या भाकरीचा डबा तेव्हा सुरू झाला. भाकरी दुसऱ्या दिवशी कडक व्हायची तर तुम्ही ती ताकात कुस्करून खायचात आणि वहीत लिहायचात, ‘भाकरी छान होती.’ प्रत्येक मेडिकलहून ‘फिट’ एवढाच मेसेज यायचा, आणि मी वॉर्डातल्या सगळ्यांना चहा पाजायची.

कागदपत्रांचं सांगते, कारण ते तुम्ही मलाच विचारणार. पेन्शनचा पीपीओ आणि सेटलमेंटचे कागद निळ्या फायलीत. पेन्शनचा हिशेब मी तपासला. रनिंग स्टाफला मूळ पगारात ५५ टक्के मिळवून पेन्शन काढतात, तसंच काढलंय. ती तुमच्या किलोमीटरची कमाई. बँकेत सोमवारी जाऊ, माझी सुट्टी आहे.

माझी दोन वर्षं राहिलीत. तुम्ही सकाळपासून तीनदा म्हणालात की आता तूही सोड. नाही सोडणार. मला ते काम आवडतं, आणि तुम्ही तुमचं शेवटच्या तारखेपर्यंत केलंत तसंच मलाही करायचंय.

एक मात्र ऐका. रात्री दीडला, तीनला जाग येत राहील. अंगाला तीच सवय झालीय, ती लगेच जाणार नाही. वॉर्डातून रिटायर झालेल्या सिस्टरांचंही मी हेच पाहिलंय. तेव्हा दुपारी झोपू नका, संध्याकाळचा चहा बंद करा, सकाळी उन्हात चालून या. महिना-दोन महिने तरी लागतील. जाग आली तर एकटे पायरीवर जाऊन बसू नका, मला उठवा. माझी नाइट असेल तर फोन करा, वॉर्डात मी जागीच असते.

उद्या मला मॉर्निंग आहे, साडेसातला निघेन. डबा तुम्ही भरणार असं कबूल केलंय. भाजी चिरून फ्रिजमध्ये ठेवलीय, मिरच्या कमी घाला.