टिप सोळा, टोटल एकशे दहा: एका स्लिपचा हिशोब

न्यू जर्सीतल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये मी रात्रीचा हिशोब बघते. शेवटचं टेबल उठलं की वेटर आपापल्या स्लिपांची गड्डी माझ्यापुढे आणून टाकतात आणि मी एकेक टिप मशीनमध्ये चढवते. भारतात राहणाऱ्यांना हा प्रकार जरा विचित्र वाटेल, म्हणून आधी तो सांगते. तिकडे आपण पिन दाबतो, पैसे जातात, विषय संपतो. इथे वेटर कार्ड घेऊन जातो, बिलाची रक्कम बँकेकडून मंजूर करून घेतो आणि दोन स्लिपा टेबलावर ठेवतो. छापील रकमेखाली टिप आणि टोटल अशा दोन रिकाम्या ओळी असतात. गिऱ्हाईक त्या हाताने भरतं, सही करतं आणि निघून जातं. कार्डावर शेवटी किती पडणार, हे रात्री मी काय चढवते त्यावर ठरतं. २०१८च्या एप्रिलमध्ये इथल्या मोठ्या कार्ड कंपन्यांनी सहीची सक्ती काढून टाकली, तरी टिपेपायी हा कागद राहिलाच.

मी कामाला लागून दोनच महिने झाले होते. एका शनिवारी रात्री एक स्लिप हातात आली. छापील रक्कम ८४.१५. टिपेच्या ओळीत १६.००. टोटलच्या ओळीत ११०.१५. खाली झोकदार सही.

८४.१५ आणि १६ म्हणजे १००.१५. मग वरचे दहा डॉलर कुठून आले? मी वेटरला विचारलं. तो आमच्या नागपूरकडचा, बोलायला पक्का. म्हणाला, "ताई, सही टोटलच्या खाली आहे ना? वरची एकूण रक्कम देणं मान्य आहे असं छापलंय त्यावर. मग टोटलच खरं." मुद्दा अगदीच खोटा नव्हता. सही केलेली रक्कम तीच होती. मी टिप २६ चढवली. टिप फार जास्त वाटते, नक्की का, असं मशीनने विचारलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी 'हो' दाबलं, बॅच बंद केली, म्हणजे दिवसभराचे कार्डांचे सगळे व्यवहार एकदम पुढे पाठवून दिले, आणि वेटरला त्याचे पैसे गल्ल्यातून रोख देऊन टाकले.

साधारण महिन्याभराने आमच्या कार्ड प्रोसेसरकडून, म्हणजे कार्डाचे पैसे बँकेतून आमच्या खात्यात आणणाऱ्या कंपनीकडून, पत्र आलं. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली होती: आपण १००.१५ कबूल केले, कापले ११०.१५. चुकीच्या रकमेच्या तक्रारीत वाद फक्त फरकाचा असतो, त्यामुळे आमच्या खात्यातून दहाच डॉलर काढून घेतले होते. वर प्रोसेसरची पंचवीस डॉलर फी. दहाच्या चुकीला पस्तीस.

मी घाबरून लगेच दहा डॉलर रिफंड करायला निघाले. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी माझा हात धरला. "थांब. बँकेने ते आपल्याकडून आधीच घेतलेत. आता तू परत दिलेस तर त्याला दोनदा मिळतील." तक्रार नोंदण्याआधी त्याने थेट आम्हाला फोन केला असता, तर रिफंड बरोबर होता. तक्रार एकदा उघडली की दोनच रस्ते: पुरावा पाठवून लढा, नाहीतर मान्य करा. पुरावा म्हणजे तीच स्लिप, आणि तिच्यावर त्याच्याच अक्षरात १६.०० लिहिलेलं. लढणार कशावर? मान्य केलं. वेटरचे दहा डॉलर काकांनी त्याच्याकडून परत मागितले नाहीत. चढवणारी तू, म्हणून मला मात्र दोन दिवस चहा करायला लावला.

मग त्यांनी ती स्लिप दिव्याखाली धरली आणि विचारलं, "यातला कुठला आकडा माणसाने आधी लिहिला असेल?"

हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. १६.०० हा सुटसुटीत आकडा आहे, म्हणजे तो मनात ठरवलेला. ११०.१५ मधले पंधरा सेंट बिलातून जसेच्या तसे उतरलेत, म्हणजे टोटल बेरीज करून आलेलं. बेरीज करताना हातचा एक दोनदा धरला गेला, शंभरचे एकशे दहा झाले. इथे टिप खरी, टोटल चुकलेलं.

याच्या उलटही होतं. बिल ४२.३७, टिप ८.००, टोटल ५०.०० अशी स्लिप आठवड्यातून एखादी तरी येतेच. इथे माणसाने आधी पन्नास ठरवले आणि टिपेचा आकडा अंदाजाने टाकला. तेव्हा टोटल धरायचं आणि टिप ७.६३ चढवायची. सदतीस सेंटसाठी भांडायला वेटरही येत नाही.

काकांचा नियम यावर एक पायरी आणखी चढतो: दोन आकडे जुळत नसतील आणि हेतू स्पष्ट दिसत नसेल, तर कमी पडणारा घ्यायचा. जास्त घेतलं तर वाद आपल्या अंगावर येतो, कमी घेतलं तर कोणी बँकेत जात नाही. फरक मोठा असेल आणि टेबल आधी राखून ठेवलेलं असेल, तर फोन नंबर आपल्याकडे असतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन करायचा आणि बॅच बंद करताना तोवर कमीचीच टिप ठेवायची.

मशीनने तेव्हा मला का टोकलं होतं, तेही त्या दिवशी कळलं. बँकेने मंजूर केलेले असतात ८४.१५. टिप गृहीत धरून रेस्टॉरंटला त्याच्या वर साधारण वीस टक्क्यांची मोकळीक असते, म्हणजे या स्लिपवर सुमारे १०१ डॉलरपर्यंत. १००.१५ त्यात बसत होते, ११०.१५ बसत नव्हते. अर्थात कोणी खरोखरच तीस टक्के टिप देतं, तेव्हाही ही सूचना येते. म्हणून ती आली की आता मी स्लिप पुन्हा बघते, नुसतं 'हो' दाबत नाही. बॅच बंद होईपर्यंत टिप कितीही वेळा बदलता येते. नंतर खोडरबर चालत नाही, रिफंडच करावा लागतो.

बाकीच्या स्लिपा सोप्या. टिप रिकामी आणि टोटल भरलेलं असेल तर वजाबाकी. टोटल रिकामं असेल तर बेरीज. टोटल छापील रकमेपेक्षा कमी लिहिलं असेल तर बिल तेवढंच राहतं आणि टिप शून्य. सगळ्यात वाईट म्हणजे गिऱ्हाईक आपली प्रत टेबलावर ठेवून आमची भरलेली प्रत खिशात घालून जातं, तेव्हा. वेटर शपथेवर सांगतो की मी वीस लिहिलेले पाहिले. पण कागद नाही तर टिप नाही, कारण उद्या बँकेने मागितलं तर दाखवायचं काय? त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

एका बाबतीत मात्र काकांचं आणि माझं अजून जमत नाही. गेल्या आठवड्यात ३८.६० च्या बिलावर टिपेची ओळ कोरी आणि टोटलच्या ओळीत ६.०० आलं. मी म्हणते, माणसाने टिप चुकीच्या ओळीत लिहिली, हे शेंबडं पोरही सांगेल. काका म्हणतात, सही सहा डॉलरवर आहे, ४४.६० वर नाही. त्या रात्री शून्य चढवलं. वेटर माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.