आमची वाटचाल : नृत्याचा व्हिडिओ आधी कागदावर

लातुरात आमचा व्हिडिओचा व्यवसाय लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलने यांच्या आधारावर उभा राहिला. त्या कामात नृत्य टिपण्याची पद्धत ठरलेली असे : मंडपाच्या मागच्या बाजूला एक स्टँड, त्यावर एक कॅमेरा आणि गाणे संपेपर्यंत तेच एक चित्र. पुढे लातूर, धाराशिव, नांदेड या भागांतले नृत्यवर्ग स्पर्धेसाठी आणि यूट्यूबसाठी स्वतंत्र व्हिडिओ मागू लागले, तसे आमच्या कामाचे स्वरूप बदलले. आज असे काम आले की कॅमेरा बाहेर काढण्याआधी आम्ही स्टोरीबोर्ड करतो, आणि त्याचे शुल्क कोटेशनमध्ये चित्रीकरणापासून वेगळे लिहितो. गिऱ्हाईक सुरुवातीला त्या रकमेवर अडखळते, म्हणून त्या कागदांवर नेमके काय असते ते येथे एका कामाच्या आधाराने सांगतो.

काम गोंधळाचे होते. नऊवारी नेसलेल्या, गळ्यात कवड्यांची माळ घातलेल्या 11 मुली, त्यांतल्या एकीच्या हातात दिवटी, आणि संबळाच्या ठेक्यावर बांधलेले 3 मिनिटे 20 सेकंदांचे गाणे. जागा म्हणजे एका शाळेचा मधला चौक. खाली शहाबादी फरशी आणि पहिल्या मजल्यावर चारी बाजूंनी गॅलरी.

पहिली पायरी म्हणजे गाण्याचे तुकडे पाडणे. ते मिनिट-सेकंदांत पाडले तर नाचणाऱ्यांना उपयोगी पडत नाहीत, कारण त्या आठच्या काउंटवर नाचतात. या गाण्याची गती मिनिटाला 120 ठोके होती, म्हणजे आठ काउंटांचा एक तुकडा बरोबर 4 सेकंदांचा आणि संपूर्ण गाणे 50 तुकड्यांचे. आमचे चित्रण सेकंदाला 25 फ्रेमने होते, त्यामुळे एका तुकड्यात 100 फ्रेम येतात. स्टोरीबोर्डचे प्रत्येक पान एका तुकड्याचे असते, आणि ‘सतरावे पान, सातवा काउंट’ असे म्हटले की नृत्यदिग्दर्शिका, कॅमेरामन आणि संकलक तिघांनाही एकच क्षण डोळ्यांसमोर येतो.

पानावर दोन चौकटी असतात. डावीकडे वरून पाहिलेला चौक काढतो. मुली म्हणजे क्रमांक घातलेले ठिपके, त्यांच्या चालीचे बाण आणि लाल त्रिकोणाने दाखवलेला कॅमेरा. उजवीकडे त्या कॅमेऱ्यातून जे दिसेल ते चित्र असते. चित्र सुबक नसले तरी चालते, पण कोण पुढे, कोण मागे आणि पाय चौकटीत आहेत की नाहीत हे त्यात अचूक असावे लागते. डावी चौकट आम्ही तालमीच्या चित्रणावरून काढतो. गॅलरीतून मोबाइलने टिपलेली तालीम तुकड्यागणिक थांबवली की ठिपके आपोआप मिळतात. या चौकात फरशांच्या सांध्यांनी आणखी सोय केली. कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक फरशी असे धरल्यामुळे जमिनीवर वेगळ्या खुणा कराव्या लागल्या नाहीत आणि कोणत्याही चित्रात रांगोळीचे ठिपके किंवा चिकटपट्ट्या आल्या नाहीत.

सोळा ते वीस ही पाने या व्हिडिओतली सर्वांत नाजूक होती. सोळाव्यात मुली गोल धरतात, सतराव्या-अठराव्यात तो गोल प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतो, अठराव्याच्या सातव्या काउंटला सगळ्या बैठक घेतात, आठव्याला उठतात, आणि एकोणिसाव्यात गोल फुटून दिवटीवाली टोकाला व तिच्या मागे दोन्ही हातांना पाच-पाच जणी अशी बाणाच्या टोकासारखी रचना तयार होते.

कॅमेऱ्याची उंची येथे रचनेनेच ठरवली. छातीच्या उंचीवरून पाहिले तर गोलातल्या मागच्या मुली पुढच्यांच्या आड जातात, आणि ज्याला आपण गोल म्हणतो तो पडद्यावर नुसता घोळका दिसतो. म्हणून सतरावे पान गॅलरीतल्या कॅमेऱ्याला दिले. बाणाची रचना मात्र मुळातच एकीच्या मागे एक अशी तिरकी उभी असते. समोरून, छातीच्या उंचीवरून अकराही चेहरे दिसतात आणि वरून पाहण्यापेक्षा तिचा जोर अधिक जाणवतो. ते पान समोरच्या कॅमेऱ्याचे.

समोरचा कॅमेरा किती अंतरावर ठेवायचा हेही कागदावरच ठरते. रचनेची मागची रुंदी सुमारे 24 फूट, दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून 30 फूट, आणि टोक मागच्या मुलींच्या 10 फूट पुढे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 24 मिमीची लेन्स लावली तर 30 फूट रुंदी 20 फुटांवरूनच मावते आणि जागा वाचते. परंतु मग दिवटीवाली कॅमेऱ्यापासून 10 फुटांवर आणि शेवटच्या दोघी 20 फुटांवर येतात, म्हणजे ती त्यांच्या दुप्पट मोठी दिसते. शिवाय कडेच्या मुलींचे हात ताणल्यासारखे लांबट होतात. 50 मिमीच्या लेन्सने तीच रुंदी घ्यायला मागच्या ओळीपासून सुमारे 42 फूट मागे जावे लागते, पण टोकाची मुलगी तेव्हा मागच्यांपेक्षा जेमतेम 1.3 पट मोठी दिसते आणि सगळ्या जणी एका नाचात आहेत असे वाटते. आम्ही व्हरांड्याच्या भिंतीपर्यंत मागे सरकून 50 मिमी घेतली. जागा नसेल तर आम्ही लेन्स बदलण्याआधी नृत्यदिग्दर्शिकेशी बोलून रचनाच थोडी अरुंद करून घेतो.

तिसरा कॅमेरा गोलाच्या आत हातात धरायचा होता, आणि दिशेचा खरा प्रश्न तेथे उभा राहिला. प्रदक्षिणेच्या दिशेने फिरणारा गोल बाहेरून, कोणत्याही बाजूने पाहिला, तरी जवळच्या मुली उजवीकडून डावीकडे जाताना दिसतात. सरळ ओळीच्या नाचात कॅमेरा पलीकडे गेला की दिशा उलटते. गोलाच्या बाबतीत तसे होत नाही, त्यामुळे बाहेर कुठेही कॅमेरा लावता येतो. पण तोच कॅमेरा गोलाच्या आत गेला की समोरून जाणाऱ्या मुली डावीकडून उजवीकडे जाऊ लागतात. समोरच्या चित्रावरून थेट आतल्या चित्रावर कट घेतला, तर नाच मध्येच उलटा फिरला असा भास होतो. तालमीच्या वेळी नृत्यदिग्दर्शिका ताईंनी नेमके हेच विचारले, “दादा, पोरी तर एकाच बाजूने फिरतात, मग व्हिडिओत उलट्या कशा दिसतील?” तेव्हा त्यांना गोलाच्या आत उभे करून आणि मग बाहेर आणून मुली दोनदा फिरवून दाखवल्या.

उपाय पानांच्या क्रमातच होता. सोळावे पान समोरून, सतरावे गॅलरीतून, अठरावे आतून आणि एकोणिसावे पुन्हा समोरून. गॅलरीच्या चित्रात अलीकडच्या मुली डावीकडे आणि पलीकडच्या उजवीकडे जाताना एकाच वेळी दिसतात, म्हणून तेथून आत जाताना डोळ्याला धक्का बसत नाही. आतून बाहेर येताना मात्र मध्ये दुसरे चित्र नव्हते. तेथे बैठक कामाला आली. बैठकीतून उठण्याची हालचाल खालून वर होते. तिला डावे-उजवे नसते, त्यामुळे त्या हालचालीवर कट घेतला की दिशा बदलल्याचे लक्षातच येत नाही.

तो कट कोणत्या फ्रेमला घ्यायचा, हे मी थोडे विस्ताराने लिहितो. उठण्याला एक काउंट लागतो, म्हणजे साधारण 12 फ्रेम. मुली बैठकीत स्थिर असताना कट घेतला तर तो कट म्हणून दिसतो, कारण पाहणाऱ्याची नजर तेव्हा रिकामी असते. पूर्ण उठून झाल्यावर घेतला तर नव्या चित्रात काहीच घडत नाही आणि ठेका सुटल्यासारखा वाटतो. गुडघे सरळ होऊ लागले की तिसऱ्या-चौथ्या फ्रेमला कट घ्यावा; नजर हालचालीच्या मागे लागलेली असते, बाकीचे उठणे नव्या चित्रात पुरे होते आणि वर गेलेले हात पुढच्या पहिल्या काउंटवर तेथेच पोहोचतात. दोन चित्रांत आकाराचा आणि कोनाचा ठसठशीत फरकही हवा. कॅमेरा 30 अंशांपेक्षा कमी सरकला असेल आणि चित्राचा आकारही तोच असेल, तर कट उडी मारल्यासारखा दिसतो.

यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांकडे तीच हालचाल पूर्ण असावी लागते. म्हणून पानावर एक तुकडा लिहिलेला असला तरी चित्रीकरण त्याच्या एक तुकडा आधीपासून एक तुकडा नंतरपर्यंत करतो. ही सवय नसेल तर संकलनाच्या टेबलावर कट हलवायला जागाच उरत नाही. जुळणी बिघडली आहे की नाही हे ओळखायला कवड्यांची माळ फार उपयोगी पडते. शरीर उठले तरी माळ क्षणभर मागे राहते आणि मग छातीवर आपटते. कटाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेम एकेक करून पाहताना माळ आधी छातीवर टेकलेली आणि नंतर पुन्हा हवेत असेल, तर त्या टेकमध्ये मुली ठेक्याच्या पुढेमागे गेल्या आहेत असे समजावे. फरक एक-दोन फ्रेमचा असेल तर तेवढे चित्र सरकवून घेता येते. त्याहून अधिक असेल तर दुसरा टेक शोधावा लागतो. हा फरक कमी राहावा म्हणून स्पीकर आम्ही मुलींच्या जवळ ठेवतो. 40 फुटांवरच्या स्पीकरचा आवाज त्यांच्यापर्यंत जवळजवळ एका फ्रेमएवढा उशिरा पोहोचतो.

ताईंची इच्छा होती की गिरकी स्लो मोशनमध्ये असावी. सेकंदाला 50 फ्रेम घेऊन 25 ने दाखवले की गती निम्मी होते. मग पावले गाण्याशी जुळायला चित्रीकरणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते, आणि 240 ठोक्यांच्या गतीने गोंधळाची पावले पडणे शक्य नव्हते. म्हणून स्लो मोशन फक्त कुंकू उधळण्याच्या चित्रापुरते ठेवले, जेथे पावले चौकटीत नाहीत.

चित्रीकरण गाण्याच्या क्रमाने झाले नाही. मार्च महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास त्या चौकात ऊन-सावलीची कडक रेघ पडते आणि ती गॅलरीतून सर्वांत जास्त खुपते, म्हणून गॅलरीची सगळी पाने पहिल्यांदा उरकली, मग समोरची, आणि आतल्या कॅमेऱ्याची जवळची चित्रे उन्ह चढल्यावर सावलीच्या बाजूला घेतली.

प्रत्येक पानाच्या तळाशी आम्ही आणखी एक ओळ ठेवतो : या तुकड्यात कोणत्या क्रमांकांचे चेहरे स्पष्ट दिसतात. आमच्या भागात नृत्यवर्गांचे व्हिडिओ पालकांच्या वर्गणीतून होतात, आणि आपली मुलगी दिसली नाही ही तक्रार फार खरी असते. पन्नास पानांची ती ओळ एकत्र लिहून काढली तेव्हा सात आणि आठ क्रमांकाच्या मुली जवळच्या एकाही चित्रात नव्हत्या. ताईंनी बत्तिसाव्या पानावर त्या दोघींना पुढच्या ओळीत आणले, आम्ही तेथला आतला कॅमेरा उजवीकडे दोन फरशा सरकवला, आणि मगच पाने पालकांना दाखवून चित्रीकरणाची तारीख पक्की केली.